पाच फोटोंवरून 28 चौकटींचा स्टोरीबोर्ड: चौदाव्या चौकटीत काका दुसरेच दिसतात

वावरातली_वाट (सोमवार, रात्री 9:20)

नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातले आम्ही चार मित्र मिळून पंधरा मिनिटांचा लघुपट करतोय. एक म्हातारा शेतकरी पहिल्या वेच्याचा कापूस बैलबंडीत भरून बाजारात नेतो, भाव पटत नाही म्हणून तसाच परत आणतो, एवढीच गोष्ट. मुख्य भूमिकेतले काका झाडीपट्टी रंगभूमीवरचे जुने नट आहेत. दिवाळीनंतर नाटकं लागली की त्यांचा मुक्काम वडसा भागात. रात्रभर नाटक, दिवसा झोप. मधले चार दिवस त्यांनी आम्हाला दिलेत, त्यातच सगळं उरकायचं आहे. कॅमेरावाला नागपूरहून येणार, आणि त्याला प्रत्येक शॉट आधी कागदावर पाहिजे.

माझ्याकडे काकांचे पाच फोटो आहेत, त्यांच्या मुलानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले. लॅपटॉपला आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे. कॉम्फीयूआयमध्ये फ्लक्स कॉन्टेक्स्ट या फोटोवरून चित्र करणाऱ्या एआय मॉडेलची हलकी केलेली आवृत्ती चालते, एका चित्राला तीन-चार मिनिटं लागतात. पहिली चौकट फोटोवरून केली. मग तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, म्हणजे गोष्ट जशी पुढे जाते तसं.

सहाव्या चौकटीपर्यंत काका काकाच होते. दहाव्यात सुरकुत्या कमी झाल्या. चौदाव्यात ते चाळिशीतले, गोरे, मालिकेतल्या पाटलासारखे दिसायला लागले. डाव्या गालावरची चामखीळ कधी उजवीकडे जाते, कधी गायबच होते. आणि अडीच इंचांच्या चौकटीत लांबून बंडी येताना दाखवली की चेहऱ्याच्या जागी नुसता चिखल. 28 चौकटींत एकच माणूस कसा ठेवायचा?

बॉस_वरुड (सोमवार, रात्री 9:52)

सोपं आहे भाऊ. सीड लॉक करा. सीडचा आकडा प्रत्येक चित्राला वेगळा पडतो म्हणून चेहरा बदलतो. एक आकडा पक्का करून टाका, सगळीकडे तोच माणूस येईल. तेवढ्यानं भागलं नाही तर काकांचा लोरा शिकवा, म्हणजे मॉडेलला जोडायची त्यांच्या चेहऱ्याची छोटी फाइल. पाच फोटो पुरतात, गूगल कोलॅबवर फुकटात होतं.

मास्तर_मेहकर (सोमवार, रात्री 10:15)

माझीही हीच अडचण आहे, म्हणून इथेच विचारतो. चौथीच्या मुलांसाठी मी खारीची बारा पानांची गोष्ट करतोय. खार प्रत्येक पानावर वेगळी येते, कधी पाठीवर तीन पट्टे, कधी पाच, एकदा तर परदेशी लाल खार आली. मुलं लगेच ओळखतात, "सर, ही ती नाही." माणसासाठी जे सांगाल ते खारीला चालेल का?

रंगपेटी (सोमवार, रात्री 10:40)

मी नाटकाचे पडदे रंगवतो, तीस वर्षं झाली. तुमाले एक इचारतो. कॅमेरावाल्याले काकाच्या गालावरची चामखीळ कायले पायजे? त्याले पायजे माणूस कुठं उभा हाय, कोणीकडं पाहून रायला, बंडी डावीकडून येते का उजवीकडून. पागोटं, वाकलेली पाठ, हातात बैल हाकलाची तुतारी, एवढं काढलं की झाला तुमचा काका. गावातलं पोट्टंबी ओळखते. 28 चौकटी म्हणजे पेन्सिलनं दोन दिवसाचं काम हाय.

वावरातली_वाट (सोमवार, रात्री 11:05)

रंगपेटी भाऊ, मला चित्र काढता येत नाही, आणि गोष्टीतले नऊ शॉट चेहऱ्याचेच आहेत. भाव ऐकल्यावर काका काहीच बोलत नाहीत, फक्त तोंड मिटून घेतात. तो शॉट नुसत्या आकारावर कसा समजवायचा?

बॉस भाऊ, सीड पक्का केला. एकाच वाक्याला तंतोतंत तेच चित्र येतं. पण "बंडीवर बसलेले" बदलून "जिनिंगच्या दारात उभे" केलं की माणूस पुन्हा वेगळा.

निळी_शाई (मंगळवार, सकाळी 7:30)

मी मूळची वर्ध्याची, आता पुण्यात जाहिरातींचे स्टोरीबोर्ड करते. आधी हातानं करायचे, आता निम्मं काम असंच फोटोवरून होतं.

सीडचं आधी सांगते, कारण हा समज फार पसरलाय. चित्र सुरू होतं नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळातून, आणि तो गोंधळ कुठला घ्यायचा एवढंच सीड ठरवतं. त्यात चेहरा साठवलेला नसतो. वाक्य बदललं, चौकट आडवीची उभी केली, की त्याच गोंधळातून दुसरं चित्र निघतं. एका चौकटीत फक्त एखादा शब्द बदलून काय फरक पडतो ते बघायला सीड पक्का ठेवावा. माणूस धरून ठेवायला त्याचा उपयोग नाही.

तुमच्याकडे चूक कुठे होतेय ते मला फोटो पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. काकांचे फोटो इथे उघड्यावर टाकू नका, त्यांना विचारलेलं नाही. प्रत्येक फोटोत काय आहे ते शब्दांत लिहा: कुठून काढला, उजेड कसा, चामखीळ कोणत्या बाजूला.

वावरातली_वाट (मंगळवार, दुपारी 1:10)

लिहितो.

पहिला: काकांनी स्वतः काढलेला सेल्फी. चेहरा जवळून, नाक मोठं दिसतं. चामखीळ उजव्या गालावर.
दुसरा: लग्नातल्या घोळक्यातून कापलेला, धूसर. चामखीळ दिसतच नाही.
तिसरा: नाटकातला, मेकअपमध्ये, काळ्या मिशा लावलेल्या.
चौथा: ओसरीत खाटेवर बसलेले, समोरून, चांगला आहे. चामखीळ डाव्या गालावर.
पाचवा: आधार कार्डासाठी काढलेला, फ्लॅशचा.

लिहिता लिहिताच लक्षात आलं. सेल्फीत उजवीकडे आणि चौथ्यात डावीकडे!

निळी_शाई (मंगळवार, दुपारी 2:45)

तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन इथेच सापडल्या.

चामखीळ: बऱ्याच फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखा उलटा फोटो ठेवतो. एका फोटोत डावी, एकात उजवी, एकात नाही. मॉडेलला तीन माणसं दिल्यासारखं झालं. सेल्फी काढून टाका. आडवा उलटवून चामखीळ जागेवर येईल, पण जवळून काढल्यामुळे नाक फुगलेलं आणि कान मागे गेलेले आहेत, ते तसेच राहतील.

गोरेपणा: नाटकाचा मेकअप म्हणजे पावडर, लाली आणि रंगमंचावरचा झोत. पाचवा फ्लॅशचा, त्यातही कातडी पांढरट आणि सुरकुत्या पुसलेल्या. म्हणजे पाचातले दोन फोटो स्वतःच काकांना गोरं आणि तरुण करतायत. त्यात या मॉडेलांचा आपला ओढा गुळगुळीत, उजळ, तरण्या चेहऱ्याकडे असतोच. उन्हात राबलेल्या साठीच्या माणसाचा रंग त्याला घट्ट धरून दाखवावा लागतो, सैल सोडला की ते आपल्या सवयीवर जातं.

तिसरी गोष्ट तुमच्या पद्धतीतली आहे आणि सगळ्यात मोठी तीच. तुम्ही सहाव्यावरून सातवं केलं, सातव्यावरून आठवं. प्रत्येक वेळी चित्र आत जाताना दाबलं जातं आणि बाहेर येताना नव्यानं उलगडतं. एका वेळी गेलेलं दिसत नाही. पण झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलात तर चौदावी प्रत कशी असेल? शिवाय आठव्या चौकटीत जी सुरकुती हरवली, ती नवव्याला कळणार कुठून? त्याच्या दृष्टीनं आठवीतला माणूसच खरा. म्हणून बदल कधी उलटत नाही, एकाच दिशेनं साचत जातो.

प्रत्येक चौकट मूळ चित्रावरूनच करायची. अठ्ठाविसावीसुद्धा.

बॉस_वरुड (मंगळवार, दुपारी 3:20)

सीडचं मान्य. पण लोरा शिकवला की हा मूळ चित्राचा खटाटोप लागत नाही ना ताई?

निळी_शाई (मंगळवार, दुपारी 4:05)

लोरा चांगलाच. पण पाच फोटोंवर तो माणूस शिकत नाही, फोटो शिकतो. पाचातल्या तीन फोटोंत पांढरा सदरा आणि मागे निळी भिंत असेल तर लोराच्या लेखी काका म्हणजे माणूस, सदरा आणि भिंत मिळून. मग वावरात उभं केलं तरी मागे निळसर काहीतरी डोकावतं, आणि चेहऱ्यावर सगळीकडे फोटोतलाच भाव. वेगवेगळ्या उजेडातले, वेगवेगळ्या कपड्यांतले पंधरा-वीस फोटो असतील, प्रत्येकाखाली काय दिसतंय ते नीट लिहिलं असेल, तर करून बघण्यासारखं आहे. माझ्या मते 28 चौकटींसाठी तो खर्च वसूल होत नाही. दोनशे चौकटी असत्या तर मी पण लोराकडेच वळले असते.

ढगाळ_दुपार (मंगळवार, संध्याकाळी 6:30)

काका नाटकात अडकले असतील तर त्यांच्या अंगकाठीचा दुसरा माणूस घेऊन मागून शॉट काढता येतात. आमच्या एका माहितीपटात तसंच केलं होतं, पागोटं असल्यामुळे कळलंही नाही.

वावरातली_वाट (मंगळवार, संध्याकाळी 6:50)

नाही दादा, शूटिंगला काका स्वतः आहेत. प्रश्न त्याआधीच्या चित्रांचा आहे. पण मागून घेतलेल्या शॉटचं डोक्यात ठेवतो.

निळी_शाई ताई, काका अजून आठवडाभर गावात आहेत. फोटो पुन्हा काढायचे तर कसे काढू?

निळी_शाई (मंगळवार, रात्री 9:15)

ओसरीत, सकाळी, ऊन अंगावर येत नसेल अशा जागी बसवा. मागे साधी भिंत. तुम्ही सहा-सात फूट लांब उभे राहा आणि फोनवर दोनपट झूम करा, म्हणजे नाक-कान आपापल्या मापात राहतील. चेहरा सुंदर करणारी सोय बंद आहे ना ते बघून घ्या, कित्येक फोनमध्ये ती आपोआप चालू असते. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

आठ फोटो पुरे. समोरून एक. थोडं डावीकडे वळून, थोडं उजवीकडे वळून. पूर्ण डावी बाजू, पूर्ण उजवी बाजू. एक खालून वर बघत काढलेला, कारण बंडीवर बसलेला माणूस कॅमेऱ्याला तसाच दिसणार. एक तोंड मिटलेला, तुमच्या त्या शॉटसाठी. आणि एक डोक्यापासून पायापर्यंत, शूटिंगला जे घालणार तेच धोतर-पागोटं घालून. फोनमधून लॅपटॉपवर केबलनं घ्या, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलात की तो दाबतो आणि बारीक सुरकुत्या तिथेच जातात.

बाजूचे फोटो विसरू नका. समोरच्या फोटोवरून मॉडेलला नाकाचा बाक कळत नाही, मग ते आपल्या मनानं सरळ नाक लावून देतं.

रंगपेटी (मंगळवार, रात्री 9:40)

अन् काकाले सांगा कायसाठी काढून रायले ते. नट माणसाचा चेहरा म्हणजे त्याचं पोट हाय.

वावरातली_वाट (गुरुवार, रात्री 8:30)

काल सकाळी जाऊन आलो. काकांना लॅपटॉपवर चौदावी चौकट दाखवली. बराच वेळ बघितली, मग म्हणाले, "हा कोन होय?" त्यांच्या नातीला दाखवली, ती म्हणाली, "आबाचा लहान भाऊ."

सगळं समजावून सांगितलं. ते हो म्हणाले, पण दोन गोष्टी बजावल्या. "मले गोरा नोको करू. अन् जे मी बोललो नाही ते माया तोंडातून वदवून घेऊ नोको." चित्रं फक्त आमच्या गटात आणि कॅमेरावाल्याकडे राहतील असं मी कागदावर लिहून दिलं. शूटिंगनंतर ती पुसायची की नाही ते काही ठरलं नाही, तो विषय निघाला तेव्हा जेवायची वेळ झाली होती.

आठ फोटो काढले. आता पुढे?

निळी_शाई (गुरुवार, रात्री 10:10)

आता लगेच चौकटी करायला बसू नका. आधी काकांचा तक्ता करा. स्टोरीबोर्ड ज्या शैलीत हवा (माझं ऐकाल तर राखाडी पेन्सिल आणि हलका शाईचा हात), त्या शैलीत, शूटिंगच्या कपड्यांत, रिकाम्या पार्श्वभूमीवर पाच चित्रं: समोरून, दोन तिरपी, एक बाजूनं, एक पाठमोरं. पाठमोरं सोडून प्रत्येक चित्र त्याच कोनातल्या फोटोवरून. आणि वाक्यात नेमकं काय तसंच ठेवायचं ते सांगा. मी साधारण असं लिहिते:

```
Redraw this photo as a grey pencil and ink wash storyboard drawing.
Keep the man's face, dark skin tone, deep wrinkles, white moustache
and the mole on his left cheek exactly as in the photo.
Same pose, same camera angle. Plain white background.
```

"ट्रान्सफॉर्म" हा शब्द टाळा. तो वाचला की मॉडेलला सगळंच बदलायची मोकळीक मिळते, चेहऱ्यासकट. इंग्रजीत "ही" किंवा "हिम" म्हणण्यापेक्षा दर वेळी "पांढऱ्या मिशांचा म्हातारा" असं पूर्ण लिहा.

रंगाबद्दल सांभाळा. नुसत्या रेघांच्या चित्रात कातडी म्हणजे कोरा कागद, आणि कोरा कागद पांढरा. काकांनी जे सांगितलं ते तिथेच मोडतं. म्हणून मी शाईचा हात म्हणते. चेहऱ्यावर राखाडी छटा असलीच पाहिजे, आणि ती सदऱ्यापेक्षा स्पष्ट गडद असली पाहिजे.

तक्ता मनासारखा होईपर्यंत पुढे जाऊ नका. चामखीळ चुकली असेल तर मॉडेलला दहादा विनवू नका, साध्या चित्राच्या अ‍ॅपमध्ये हातानं ठिपका द्या. तक्ता पक्का झाला की प्रत्येक चौकट त्या पाचातल्या जवळच्या कोनावरून.

मास्तर_मेहकर (गुरुवार, रात्री 10:35)

म्हणजे खारीचाही आधी तक्ता?

निळी_शाई (गुरुवार, रात्री 10:50)

हो सर, आणि तुमचं काम सोपं आहे. पाठीवरचे पट्टे दिसतील असा आपल्या अंगणातल्या खारीचा फोटो मिळाला की झालं, परदेशी खार यायची थांबेल. पट्टे किती ते मात्र छापण्याआधी प्रत्येक पानावर बोटानं मोजा, या मॉडेलांना मोजदाद जमत नाही. चेहऱ्याची ओळख धरणारी आयपी-अडॅप्टर फेसआयडीसारखी साधनं खारीला चालणार नाहीत, ती माणसाच्या चेहऱ्यावरच शिकलेली आहेत.

बॉस_वरुड (गुरुवार, रात्री 11:10)

फेसआयडीचं तुम्हीच काढलं म्हणून विचारतो. मी इन्स्टंटआयडी वापरतो, एका फोटोत काम होतं. काकांसाठी तेच का नको?

निळी_शाई (शुक्रवार, सकाळी 8:00)

वापरता येईल, फक्त ते काय धरतं ते माहीत हवं. ही साधनं फोटोतून चेहरा कापतात, त्याचा 112 बाय 112 ठिपक्यांचा छोटा तुकडा करतात आणि त्यावरून 512 आकड्यांची एक ओळ बनवतात. डोळ्यांतलं अंतर, जबड्याची ठेवण असलं त्यात उतरतं, म्हणून "तोच माणूस वाटतो". पण तेवढ्याशा तुकड्यात चामखीळ म्हणजे एखाद-दोन ठिपके. आणि ही ओळ शिकवलीच अशी असते की उजेड, वय, मिशी बदलली तरी माणूस ओळखता यावा. म्हणजे सुरकुत्या आणि वय तिच्यातून मुद्दाम गाळलेलं. आपल्याला तर नेमकं तेच हवंय. इन्स्टंटआयडी त्याच्या जोडीला डोळे-नाक-ओठांच्या जागा फोटोतून घेतं, त्यामुळे मान भलत्या कोनात वळवायची तर ओढाताण होते. पागोटं, पाठ, धोतर यातलं ते काहीच धरत नाही.

तरुण चेहरे, समोरचे शॉट असतील तर मीही तेच वापरते.

वावरातली_वाट (रविवार, दुपारी 12:20)

तक्त्याला शुक्रवार-शनिवार गेले. त्यावरून काल रात्रीपासून अकरा चौकटी केल्या आणि पहिल्यांदा सगळीकडे काकाच आहेत. अकरावी चौकट पहिलीइतकीच म्हातारी आहे!

आता अडकलेल्या तीन जागा सांगतो.

चौकट 3: लांबून बंडी येते, दोन्हीकडे पऱ्हाटी. चेहरा अजून चिखल.
चौकट 12: काका आणि व्यापारी समोरासमोर. दोघांनाही पांढऱ्या मिशा येतात, आणि व्यापाऱ्याच्या डोक्यावर पागोटं.
चौकट 19: संध्याकाळी परतताना बाजूनं, मान खाली. इथे काका तरुण होतात.

शिवाय बंडी. कधी चार चाकांची, कधी घोडागाडीसारखी.

निळी_शाई (रविवार, दुपारी 3:40)

बंडीला उपाय खारीचाच. तुमच्याच बंडीचे दोन फोटो द्या, बाजूनं आणि समोरून. शब्दांनी सांगत बसू नका.

चौकट 3 मध्ये चेहरा मागूच नका. मॉडेल आतल्या आत चित्र आठपट लहान करून काम करतं. तुमच्या चौकटीत काकांचं डोकं चाळीस ठिपक्यांचं असेल तर आत त्याला पाच घरं मिळतात. पाच घरांत दोन डोळे, नाक, मिशी आणि चामखीळ कुठे बसणार? त्यातून चिखलच निघतो. इथे रंगपेटी भाऊंचं शंभर टक्के बरोबर आहे: पागोटं, वाक, तुतारी. वाक्यातून चेहऱ्याचे सगळे शब्द काढा, "सावलीसारखी लहान आकृती" म्हणा.

कमरेपर्यंतच्या शॉटमध्ये चेहरा थोडा बिघडला तर तेवढा भाग चौकोनात कापून मोठा करा, मोठ्या आकारात तक्त्यावरून फक्त चेहरा पुन्हा काढा आणि लहान करून जागेवर बसवा. कॉम्फीयूआयमध्ये हे आपोआप करणारा फेस डिटेलर मिळतो.

चौकट 12: दोन माणसांचं वर्णन एका वाक्यात दिलं की गुण एकमेकांत सांडतात. आधी काका एकटे, उजवी अर्धी बाजू रिकामी सोडून. मग त्या रिकाम्या जागेपुरताच मुखवटा लावून, म्हणजे तेवढाच भाग बदलू देऊन, व्यापारी भरा, आणि त्या वेळच्या वाक्यात काकांचा उल्लेखही नको.

चौकट 19 चं तुम्ही वाक्य काय दिलंत?

वावरातली_वाट (रविवार, दुपारी 4:15)

तक्त्यातलं बाजूचं चित्र दिलं आणि "सोनेरी संध्याकाळचा उजेड, मान खाली, थकलेला" असं लिहिलं.

निळी_शाई (रविवार, संध्याकाळी 5:30)

मला "सोनेरी" वर संशय आहे. तो शब्द जाहिरातींच्या आणि लग्नाच्या फोटोंसोबत फार येतो, आणि त्या फोटोंत सगळे तरुण, तुकतुकीत. शैली राखाडी असताना सोनेरी म्हणून तसंही काही मिळत नाही. "डावीकडून, क्षितिजाजवळून येणारा तिरपा उजेड, लांब सावल्या" असं लिहून बघा. पण मान खाली आणि बाजूनं हा कोन तुमच्या आठ फोटोंत नाही, म्हणून तेवढ्यानं भागेल याची मला खात्री नाही.

आणखी एक, सगळ्या चौकटी झाल्यावर करायचं. प्रत्येक चौकटीतला चेहरा कापून एका ओळीत लावा, आणि ओळीच्या सुरुवातीला ओसरीतला खरा फोटो. प्रत्येक चेहरा त्या फोटोशी ताडून बघा, शेजारच्या चौकटीशी नाही. शेजारी-शेजारी सगळेच सारखे दिसतात, म्हणूनच तुम्हाला पहिल्या वेळी चौदाव्यापर्यंत कळलं नाही.

बॉस_वरुड (सोमवार, रात्री 9:00)

मी माझ्या मामाचे अठरा फोटो घेऊन लोरा शिकवला, एसडीएक्सएल मॉडेलवर, कोलॅबमध्ये. ताईंनी सांगितलं तसं प्रत्येक फोटोखाली सदऱ्याचा रंग आणि भिंत लिहिली. मान खाली घातलेला बाजूचा शॉट पहिल्या तीन प्रयत्नांत आला, आणि तो कोन एकाही फोटोत नव्हता. तेव्हा अवघड कोनांसाठी लोराच बरा हे माझं म्हणणं कायम आहे. हात मात्र सगळीकडे बिघडले.

निळी_शाई (सोमवार, रात्री 9:35)

अठरा फोटोंवर असं येत असेल तर छानच. मामांचं वय काय? आणि सुरकुत्या टिकल्या का?

बॉस_वरुड (सोमवार, रात्री 9:50)

छत्तीस. सुरकुत्या नाहीत त्यांना.

रंगपेटी (सोमवार, रात्री 10:20)

वाट भाऊ, त्या 19 व्या चौकटीसाठी मी एक पेन्सिलचं चित्र काढून पाठोतो. तुमच्या तक्त्यातलं बाजूचं चित्र मले पाठवा फक्त, काकाले इचारून. पागोट्याची सावली डोळ्यावर पाडतो, तोंडाचा मिटलेला कोपरा दिसू देतो. तेच चित्र त्या मशीनले द्या, मग ते काय करते ते पाहू.

वावरातली_वाट (मंगळवार, रात्री 8:45)

काकांना फोन केला, ते म्हणाले रंगपेटी भाऊंचे पडदे त्यांनी पाहिलेत, पाठव. तक्ता पाठवलाय.

"सोनेरी" काढून तिरपा उजेड लिहिला, वय परत आलं, पण मान अजून नीट झुकत नाही. चौकट 3 आणि 12 जमल्या. व्यापाऱ्याचं पागोटं गेलं. सगळे चेहरे ओळीत लावले, त्यात 8 वी आणि 22 वी फोटोपेक्षा उजळ निघाल्या. त्या दोन्ही आज रात्री तक्त्यावरून पुन्हा लावल्यात. लाइट राहिली तर सकाळपर्यंत होतील.